सर्कलला उजवीकडं जायचंय, मग डावी लेन कशाला धरता?

मिरज_रोडचा_रोजचा: सर्कलला कुठंही जायचं असू द्या, डावी लेन धरा आणि कडेकडेनं फिरा. सगळ्यात सेफ. उजव्या लेनीत घुसणारे शेवटच्या क्षणी डावीकडं आडवे येतात, ठोकाठोकी तेच करतात. कुणाला पटत नसेल तर कारण सांगा.

वळणदार: पटत नाही, आणि कारण सांगतो. चार रस्त्यांचं, दोन लेनचं सर्कल धरा. तुम्ही दक्षिणेकडून आलात, जायचंय पूर्वेला. आपण डावीकडून चालतो म्हणजे सर्कलला घड्याळाच्या काट्यासारखं फिरायचं: पहिला फाटा पश्चिमेचा, दुसरा उत्तरेचा, तिसरा तुमचा. कडेकडेनं फिरलात तर पश्चिम आणि उत्तर या दोन्ही फाट्यांची तोंडं तुम्ही आडवी कापता. त्याच वेळी आतल्या लेनीतून एकजण उत्तरेला बाहेर पडायला डावीकडं येतोय. त्याचा हिशोब असा की बाहेरच्या लेनीतला इथंच बाहेर पडणार. तुम्ही मात्र पुढं निघालात. तुमचं बोनेट त्याच्या डाव्या दारात बसतं. "आडवा आला" असं ज्याला तुम्ही म्हणता, तो बरेचदा बरोबर लेनीत असतो.

उजवीकडं जायचं तर सर्कलच्या पन्नासएक मीटर आधीच उजवी लेन आणि उजवा इंडिकेटर. वेग वीसवर आणा, दुसरा गिअर. रेघेपाशी नजर उजवीकडं, कारण गोलातली गाडी तुमच्याकडं उजवीकडूनच येते. चार-पाच सेकंदांची मोकळी जागा दिसली की आत शिरा. शिरताना अडखळायचं नाही. आत गेल्यावर सर्कलच्या मधल्या बेटालगतची लेन धरून ठेवा, उजवा इंडिकेटर चालूच. पश्चिमेचा फाटा गेला, उत्तरेचा गेला, आणि उत्तरेच्या तोंडावरचा दुभाजक तुमच्या खांद्याच्या रेषेत आला की लगेच डावा इंडिकेटर. डावा आरसा, मग मान वळवून डावीकडं एक नजर, कारण दुचाकी नेमकी आरशात न दिसणाऱ्या जागेत असते. मोकळं असेल तर सावकाश बाहेर सरका.

मिरज_रोडचा_रोजचा: आणि मोकळं नसेल तर? तीच तर माझी तक्रार आहे. आतला माणूस आत अडकतो, मग घुसतो.

वळणदार: अडकत नाही, अजून एक फेरी मारतो. आतल्या लेनीची त्रिज्या 15 मीटर धरली तर फेरी साधारण 95 मीटरची. वीसच्या वेगानं सतरा सेकंद. सतरा सेकंद वाचवायला माणूस दोन लेन तिरका कापतो किंवा गोलातच ब्रेक मारून उभा राहतो. उभं राहणं जास्त वाईट, मागचा तुमच्या डिकीत येतो. फाटा चुकला तर पुढं जायचं, सर्कल बांधतात ते त्यासाठीच.

इस्लामपूरकर: लेन राहू द्या बाजूला. मुळात आधी कुणी जायचं हेच लोकांना माहीत नाही. मोठ्या रस्त्यानं येणाऱ्याचा हक्क पहिला. हायवेवरून येणारा ट्रक गल्लीतून आलेल्या स्कूटरसाठी का थांबेल? 1989 च्या नियमातच मेन रोडला प्राधान्य लिहिलंय.

वळणदार: 1989 च्या नियमात मेन रोडचं वाक्य आहे, हे तुमचं बरोबर. पण ते साध्या चौकाचं, आणि त्याच वाक्यात पुढं आहे की बाकी ठिकाणी उजवीकडून येणाऱ्याला जाऊ द्या. ती नियमावली जाऊन 2017 ला नवी आली. सर्कलला हक्क गोलात आधीच असलेल्या गाडीचा. मग ती स्कूटर असो की सायकल.

मेन रोडला हक्क दिला तर काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. गोलातली गाडी हायवेच्या तोंडापाशी येते आणि आत शिरणाऱ्या ट्रकसाठी थांबते. तिच्यामागं दुसरी, तिसरी. ती रांग मागच्या फाट्याच्या तोंडावर जाते, आता त्या फाट्यानं बाहेर पडणारा अडकला. त्याच्यामागंही रांग. चारही फाटे एकमेकांच्या शेपटीत अडकले, एकही गाडी बाहेर पडत नाही म्हणून एकही आत येत नाही. ब्रिटनमध्ये अशीच सर्कलं तुंबायची. 1966 ला त्यांनी नियम केला की शिरणाऱ्यानं थांबायचं, तेव्हा ती वाहती झाली.

इस्लामपूरकर: कागदावर ठीक आहे. ट्रकवाला थांबणार नाही ते नाहीच. हक्क माझा होता म्हणून त्याच्या चाकाखाली जायचं का?

वळणदार: नाही जायचं. तेवढं तुमचं मान्य. हक्क असला तरी ट्रकचं पुढचं चाक बघा, ते थांबलं नसेल तर तुम्ही थांबा.

वाईची_स्कूटी: माझा प्रश्न वेगळा आहे. मला सरळ जायचं असतं तेव्हा मी चारही इंडिकेटर लावते, म्हणजे सगळ्यांना कळतं. स्कूटीला पण तसं बटण आहे. हे बरोबर ना?

वळणदार: नाही ताई, अजिबात नाही.

साताऱ्याचा_बाळू: का नाही? ताई बरोबर करतायत. पोवई नाक्यासारख्या ठिकाणी चारी बाजूंनी गाड्या येतात. चारही दिवे लागले की माणूस दचकतो आणि थांबतो. अर्धा सातारा हेच करतो.

वळणदार: अर्धा सातारा करतो म्हणून ते बरोबर होत नाही. बाळूभाऊ, जरा डाव्या फाट्याच्या तोंडावर उभ्या असलेल्या माणसाच्या जागी जा. ताई गोलातून त्याच्यासमोर येतायत. त्यांच्या गाडीची त्याला डावी बाजूच नीट दिसते, उजवा दिवा नजरेत भरत नाही. म्हणजे त्याला फक्त डावा इंडिकेटर दिसतो. तो समजतो, बाई माझ्याच रस्त्यात वळतायत, आणि गाडी आत घालतो. ताई सरळ येतात. धडक ताईंच्या डाव्या पायावर.

साताऱ्याचा_बाळू: इंडिकेटर न लावता गेलं तरी तो घुसतोच की!

वळणदार: कमी घुसतो. काहीच लागलेलं नसेल तर गाडी पुढं चाललीय असंच तो धरतो, आणि ते खरंही असतं. सरळ जाताना शिरतेवेळी काहीच लावायचं नाही. डावीकडचा पहिला फाटा ओलांडला की डावा लावायचा, म्हणजे तुमच्या फाट्यावरच्याला कळतं की तुम्ही बाहेर पडताय. चारही दिवे चालू असताना हेच सांगता येत नाही, बऱ्याच गाड्यांत इंडिकेटरची दांडी हलवली तरी चारही तसेच लुकलुकत राहतात. बंद पडलेल्या गाडीची ती खूण आहे.

साताऱ्याचा_बाळू: धुक्यात घाटात लावतो, पावसात लावतो, तेव्हा कुणी काही म्हणत नाही. चौकात लावले की लगेच शिकवायला येतात.

इस्लामपूरकर: घाटात चालत्या गाडीला पण लावू नये. मागच्याला वाटतं गाडी उभी आहे आणि तो ओव्हरटेकला बाहेर काढतो. टेललाइट कशाला दिलीय?

साताऱ्याचा_बाळू: टेललाइट धुक्यात दिसते का तुम्हाला? घाट एकदा चालवून बघा डिसेंबरात.

वाईची_स्कूटी: अहो, घाट राहू द्या. वळणदार, मला पटलं, डाव्या बाजूनं एकच दिवा दिसतो हा विचार कधी केला नव्हता. पण सरळ जायला लेन कुठली?

वळणदार: रस्त्यावर बाण रंगवलेले असतील तर बाण सांगतील ती. नसतील तर डावी, स्कूटीला तर डावीच. पण कडेच्या गटारावरून जायचं नाही, लेनीच्या मधोमध चालवा. कडेला राहिलात की कारवाल्याला वाटतं याच लेनीत आपणही मावतो. आणि आत शिरताना समोरच्याच्या इंडिकेटरवर विसंबू नका. दुचाकीचा इंडिकेटर आपोआप बंद होत नाही, मागच्या चौकापासून तसाच चालू असतो. पुढचं चाक वळलेलं दिसेल तेव्हाच वळला समजायचं.

मिरज_रोडचा_रोजचा: म्हणजे स्कूटीला डावी. झालं की मग माझंच खरं.

वळणदार: सरळ जायला डावी. तुम्ही "कुठंही जायचं असू द्या" म्हणालात, तिथं चुकलात.

कडेगावचा_ट्रॅक्टर: सगळे कार-स्कूटीचं बोलताय. माझ्यामागं दोन ट्रॉल्या असतात, उसाच्या. मी कुठल्या लेनीत मावू सांगा. उजव्या लेनीत गेलो तर मागची ट्रॉली बेटाच्या कठड्यावर चढते. डाव्या लेनीत गेलो तर सगळे हॉर्न मारतात.

वळणदार: दादा, तुम्ही दोन्ही लेन घ्या. मागची ट्रॉली ट्रॅक्टरच्या चाकोरीतून येत नाही, ती आत कापते. सर्कल फिरताना आत म्हणजे उजवीकडं, बेटाकडं. म्हणून ट्रॅक्टर बाहेरून ठेवायचा आणि बेटापाशी ट्रॉलीला जागा सोडायची. बाहेर पडायला डावीकडं वळलात की उलटं होतं, ट्रॉली डाव्या कठड्याकडं ओढते. तेव्हा फाट्यात शिरताना ट्रॅक्टर जरा पुढं नेऊन मग वळवा.

बाकीच्यांसाठी: ट्रॉली आणि बेट यांच्यात जी मोकळी फट दिसते तिच्यात दुचाकी घालू नका. तशीच फाट्याच्या तोंडाशी डाव्या बाजूची फट. शिरताना ती दीड मीटर असते आणि वळण पुरं होईपर्यंत नाहीशी होते. मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर नसला तर रात्री ती दिसतसुद्धा नाही.

कडेगावचा_ट्रॅक्टर: रिफ्लेक्टर लावलेत मी. बाहेरून ठेवायचं म्हणताय ते बरोबर, तसंच करतो. पण मग उजवीकडं जाताना मी डावीकडनंच गेलो ना? हे वरचे मिरजवाले तेच म्हणत होते.

वळणदार: हो. लांब गाडीला आणि सायकलला ती मुभा असते, ब्रिटनच्या हायवे कोडातही आहे. पण ते उजवा इंडिकेटर दाखवत फिरतात आणि बाकीच्यांनी त्यांना जागा द्यायची असते. कारवाल्याला ती मुभा नाही.

मिरज_रोडचा_रोजचा: सायकल, ट्रॅक्टर, स्कूटी सगळ्यांना डावी चालते, फक्त माझ्या कारला नाही. ठीक आहे. उजवीकडं जाताना आतली लेन धरेन. पण आपल्याकडं निम्म्या सर्कलांना लेनीचे पट्टेच नाहीत, तिथं काय? दोन गाड्या जेमतेम मावतात.

वळणदार: जेमतेम मावतात तिथं दोन लेन नाहीतच असं समजा. मधोमध चालवा, कुणाला शेजारी येऊ देऊ नका, एकामागं एक. इंडिकेटरचा नियम तोच.

इस्लामपूरकर: मधोमध चालवलं की मागचा बुलेटवाला हॉर्न मारून उजवीकडनं बेटाला घासून जातो. त्याचं काय करायचं?

साताऱ्याचा_बाळू: त्याला जाऊ द्यायचं. आणि घाटात मी दिवे लावणारच.