प्रतिसाद: कडेचा तुकडा कुठे गेला?

> पाणलोटाच्या कडेचा भाग कुठल्याच पर्जन्यमापकाला मिळत नाहीये. QGIS चुकतंय का?

नाही हो. Voronoi Polygons हे टूल प्रत्येक मापकाला त्याच्या सर्वांत जवळचं क्षेत्र देणारे बहुभुज काढतं, पण मापकांच्या बिंदूंच्या चौकटीपुरतेच, आणि तुमचा पाणलोट त्या चौकटीबाहेर गेलाय. त्यात Buffer region ५० टक्के करून बघा, मग पाणलोटाच्या हद्दीने Clip करा. तुकड्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज पाणलोटाएवढी भरली की समजा जमलं. थर मात्र आधी EPSG:32643 या मीटरमधल्या प्रक्षेपणात घ्या (महाराष्ट्राच्या बहुतेक भागाला चालतं). अंशांत ठेवलात तर पूर्व-पश्चिम अंतरं ताणली जातात आणि सीमा सरकतात. हद्दीबाहेरचे जवळचे मापकही गाळू नका, कडेचा तुकडा कदाचित त्यांचाच असेल.

आता मला जिथे फटका बसला ते. समजा तीन मापकांकडे ५०, ३० आणि २० टक्के क्षेत्र आहे, पाऊस ४०, ६०, ११० मिमी. भारित सरासरी २० + १८ + २२ = ६०. तिसऱ्याची नोंदच आली नाही आणि रकाना शून्य धरला गेला, तर उत्तर येतं ३८! त्या दिवसापुरता तो मापक काढून बहुभुज नव्याने करायचे.

घाटात मात्र जपून. सह्याद्रीची धार या रेषांना दिसत नाही; पर्जन्यछायेतल्या गावाला माथ्यावरचा पाऊस खुशाल चिकटतो.