"इनकंप्लीट, नॉट टू द पॉइंट": मग लिहायचं होतं तरी काय?

राजेंद्रनगरची_मुक्ता
यूपीएससी मेन्सच्या टेस्ट सिरीजची कॉपी परत आलीये. इतिहासाच्या 15 मार्कांच्या उत्तराला 4 मार्क आणि खाली दोन रिमार्क, 'इनकंप्लीट' आणि 'नॉट टू द पॉइंट'. तीन पानं भरून लिहिलं होतं, तरी इनकंप्लीट कसं? आणि इनकंप्लीट असेल तर नॉट टू द पॉइंट कसं? या रिमार्कचा अर्थ कोणी सांगेल का?

भंवरकुआं_सात_वर्षं
काही अर्थ नसतो. चेक करणारा गेल्या वर्षी प्रिलिम्सला उडालेला पोरगा असतो, कॉपीमागे पैसे मिळतात, रात्री पोहे खात खात शंभर कॉप्या काढतो, दोनचार ठरलेले शब्द असतात तेच फेकतो. इनकंप्लीट म्हणजे पान भरलं नाही एवढंच धर. जास्त लिही, तिसरं पान शेवटच्या ओळीपर्यंत ने, मार्क वाढतात. मी तेच केलं.

सेवानिवृत्त_मास्तर
हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो, लांब होईल, माफ करा. पान भरा हा सल्ला पोरांचं वाटोळं करतो. तीन तासांत वीस उत्तरं म्हणजे एका उत्तराला सरासरी नऊ मिनिटं, त्यात 250 शब्द. यात पान भरायला जातो तो शेवटची दोन उत्तरं सोडून येतो, आणि ती खरी इनकंप्लीट.

मी पस्तीस वर्षं कॉप्या तपासल्या, त्यातली बरीच कॉलेजच्या परीक्षेची. एक गोष्ट सांगतो जी तपासणारे सांगत नाहीत. मार्क आधी पडतात, रिमार्क नंतर. आकडा टाकून झाला की वाटतं, कमी दिलेत, कोणी विचारेल, मग दोन शब्द लिहितो. म्हणून मुक्ताताई, रिमार्कपासून सुरुवात करू नका. पेनाच्या खुणा कुठे आहेत ते आधी पाहा. टिक कुठे, रेघ कुठे, आणि रिमार्क लिहिलाय कुठे, शेजारी मार्जिनमध्ये की एकदम खाली? प्रश्न जसाच्या तसा इथे टाका आणि कुठे काय लिहिलंत तेही.

राजेंद्रनगरची_मुक्ता
प्रश्न: '1857 च्या उठावात मध्य भारतातल्या संस्थानिकांची भूमिका तपासा. उठाव अयशस्वी होण्यात तिचा वाटा किती होता, याचं मूल्यमापन करा.'
पहिलं पान: डलहौसी, काडतुसं, चपात्या, असंतोष. दुसरं: झाशीची राणी, तात्या टोपे. तिसऱ्या पानावर शिंदे तीन ओळी, होळकर दोन ओळी, मग व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा 1858 आणि शेवट. पहिल्या पानाला मार्जिनमध्ये एक उभी रेघ, तिच्याशेजारी 'नॉट टू द पॉइंट'. टिक दोन शिंद्यांच्या ओळींवर, एक होळकरांवर. 'इनकंप्लीट' एकदम खाली, मार्कांच्या बाजूला.

सेवानिवृत्त_मास्तर
बघा, उत्तर तुम्हीच दिलंत. उभ्या रेघेचा अर्थ बहुतेक वेळा 'वाचलं, मोजलं नाही'. तुमचं अख्खं पहिलं पान कारणांवर गेलं आणि कारणं कोणी विचारलीच नव्हती. ती माहिती चुकीची नाही, म्हणून 'चूक' लिहिलेलं नाही, नॉट टू द पॉइंट लिहिलंय. आता प्रश्नाचे तुकडे करा. पहिला तुकडा भूमिका, दुसरा तुकडा वाटा किती. प्रत्येक वाक्यासमोर पेन्सिलीने 1 किंवा 2 लिहा, आणि जे कशातच बसत नाही तिथे शून्य. तुमच्या कॉपीत 1 चे आकडे काही राणीच्या पानावर, बाकी शेवटच्या पाच ओळींत. 2 एकही नाही. म्हणून इनकंप्लीट. पानं तीन भरली असतील, पण प्रश्नाचा अर्धा भाग तुम्ही उघडलाच नाही. दोन रिमार्क दोन वेगळ्या जागांबद्दल आहेत, भांडण कसलं?

भंवरकुआं_सात_वर्षं
वा मास्तर! चार मार्क पाच ओळींवर मिळाले म्हणता. मग राणी लक्ष्मीबाई झाशीची होती की नाही, संस्थानिक नव्हती का? तिच्यावर टिक का नाही?

सेवानिवृत्त_मास्तर
हा प्रश्न बरोबर आहे. मुक्ताताई, राणीबद्दल काय लिहिलंय?

राजेंद्रनगरची_मुक्ता
तिचा जन्म, दत्तकपुत्र, लढाई, बलिदान. तशी थोडी... कादंबरीसारखी झाली. :)

सेवानिवृत्त_मास्तर
तेच. व्यक्तीची गोष्ट झाली, भूमिका आली नाही. तिथे हवं होतं की मध्य भारतात राजे तीन तऱ्हेने वागले. काही लढले, म्हणजे झाशी, बाणपूरचा मर्दनसिंह. काही उघड इंग्रजांच्या बाजूला, भोपाळची सिकंदर बेगम, ग्वाल्हेरचे जयाजीराव. आणि काहींचं मन एकीकडे, फौज दुसरीकडे, तिथे आपले इंदूरचे तुकोजीराव. एवढ्यावर पहिला भाग संपतो. मग वाटा किती त्यासाठी एक धागा पुरतो. ग्वाल्हेर कंटिंजंट जून 1857 मध्येच बंडात उतरलं, पण जयाजीराव आणि दिवाण दिनकरराव यांनी त्या फौजेला कित्येक महिने आग्र्या-दिल्लीकडे जाऊ दिलं नाही. ती कानपूरला पोचेपर्यंत नोव्हेंबर आला, दिल्ली तर सप्टेंबरातच पडली होती. हा झाला वाटा, तारखेनिशी. मग उलट बाजू दोन ओळींत, की उठाववाल्यांकडे एकच योजना, एकच नेतृत्व नव्हतं, म्हणून सगळा दोष राजांवर टाकता येत नाही. इथे निकाल द्या. यातलं बरंचसं तुमच्याकडे होतं, पण काडतुसांनी जागा खाल्ली.

लष्करचा_पोरगा
थांबा थांबा. जयाजीरावांना 'उघड इंग्रजांच्या बाजूला' म्हणून एका ओळीत मोकळे झालात? आमच्या ग्वाल्हेरात येऊन हे बोला. 1 जून 1858 ला मोरारजवळ त्यांचीच फौज तात्या टोपे आणि राणीकडे गेली, महाराजांना आग्र्याला पळावं लागलं. म्हणजे ग्वाल्हेरच्या लोकांचं मन कुठे होतं ते कळतंय ना?

सराफ्यातला_रात्रीचा
भिया, फौज पळाली म्हणून महाराज क्रांतिकारी झाले का? उलट सांगतोयस तूच. आमच्या होळकरांचं बघ. 1 जुलै 1857 ला सआदत खानने रेसिडेन्सीवर हल्ला केला तो होळकरांच्या तोफांनी, तिथला इंग्रजांचा एजंट ड्युरँड सिहोरकडे पळाला, महूची छावणीही त्याच दिवशी उठली. ही इंदूरची हिम्मत.

लष्करचा_पोरगा
आणि तुमच्या महाराजांनी लगेच इंग्रजांना निष्ठेचे निरोप पाठवले, तेही सांग ना. ड्युरँडचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही ती गोष्ट वेगळी. दोघंही त्याच माळेचे मणी, फक्त आमच्यावर शिक्का बसला आणि तुम्ही राजवाड्यासमोर सेल्फी काढता.

सराफ्यातला_रात्रीचा
शिक्का कशाने बसला ते सगळ्या देशाला मालूम आहे. तोंड उघडायला लावू नकोस.

नर्मदेपलीकडची_काकू
अरे पोरांनो, ती बिचारी मार्कांचं विचारतेय. आणि कॉपीवरून आठवलं, आमच्या भाच्याला एका विद्यापीठाने नापास केलं, आरटीआयने कॉपी मागवली तर आतलं एक अख्खं उत्तर तपासलंच नव्हतं, बेरजेत नाही. सुप्रीम कोर्टाने 2011 मध्ये सांगितलंय की कॉपी बघायचा हक्क आहे. मुक्ता, तूही माग.

सेवानिवृत्त_मास्तर
काकू, तिच्या हातात कॉपी आलेलीच आहे, टेस्ट सिरीजची आहे. खऱ्या यूपीएससी मेन्सची कॉपी मिळत नाही, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने तशी मागणी मान्य केली नाही. तुमच्या भाच्याचं प्रकरण खरं दुखणं आहे, पण न तपासलेलं उत्तर आणि अस्पष्ट रिमार्क वेगवेगळे.

नर्मदेपलीकडची_काकू
बरं बाई, चुकलं. मी आपली काळजीने.

भंवरकुआं_सात_वर्षं
मास्तर, तुमचं ते 1 आणि 2 गोड आहे, पण माझं ऐका. गेल्या वर्षी मी एकच उत्तर, शब्द न बदलता, तीन मित्रांच्या नावाने तीन ठिकाणी दिलं. मार्क पडले 4, 6.5 आणि 7. चारवाल्याने 'इनकंप्लीट' लिहिलं, सातवाल्याने 'गुड'. उत्तर तेच! आता तुकडे करून शून्य मोजत बसू? माझं सात वर्षांचं आयुष्य असल्या शब्दांचा अर्थ लावण्यात गेलं. दरवेळी वाटायचं यात काहीतरी गूढ आहे, आणि काहीही नव्हतं.

सेवानिवृत्त_मास्तर
राग समजतो. आणि तुमच्या अनुभवावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. तपासणारा ढिला असेल तर रिमार्क शिक्का असतो, मी नाकारत नाही. पण शिक्का ओळखता येतो. त्याच कॉपीतलं सगळ्यात जास्त मार्क मिळालेलं उत्तर काढा. तिथेही 'इनकंप्लीट' असेल, किंवा पाच वेगवेगळ्या उत्तरांवर तोच शब्द त्याच जागी असेल आणि मध्ये एकही टिक, एकही रेघ नसेल, तर तो रिमार्क फेकून द्या. मुक्ताताईंच्या कॉपीत तसं नाही, टिक ठरावीक ओळींवर आहेत, म्हणजे वाचलंय.

आणि तीन ठिकाणी देताना, चारवाल्याने कुठे टिक केली होती हे पाहिलंत का?

भंवरकुआं_सात_वर्षं
नाही. रागाने फाडून टाकली.

सेवानिवृत्त_मास्तर
मग काय बोलणार.

भंवरकुआं_सात_वर्षं
ठीक आहे, उभी रेघ असेल तर तुमचं बरोबर, मान्य. पण तुम्ही सगळं पेनाच्या खुणांवर सोडताय, आणि अर्ध्या कॉप्या आता स्क्रीनवर तपासतात, तिथे खुणाच नसतात. तेव्हा काय करायचं?

सेवानिवृत्त_मास्तर
तेव्हा पेन्सिलीचे 1-2-0 आणि मॉडेल आन्सर, दुसरं काही नाही. आणि त्यात फसण्याचा धोका आहेच, कारण मॉडेल आन्सर कधी कधी प्रश्नापेक्षा पसरट असतं. त्यात कारणांचं पान असलं तरी त्याची नक्कल करू नका.

लष्करचा_पोरगा
मी दिनकररावांवर वेगळा धागा काढतोय. इंदूरवाल्यांनी तिकडे यावं.

सराफ्यातला_रात्रीचा
येतो. तोफा घेऊन.

राजेंद्रनगरची_मुक्ता
मास्तर, आत्ता बसून केलं. 31 वाक्यं, त्यातली 14 शून्य, 17 पहिल्या तुकड्याची, त्यातली 8 राणीच्या गोष्टीची. दुसऱ्याचं खरंच एकही नाही. राग आला स्वतःवर. पण एक गोष्ट अजून बसत नाही. त्याच कॉपीत नीतिशास्त्राचं उत्तर आहे, 10 पैकी 6, मध्ये चार टिक, आणि खाली तरीही 'नॉट टू द पॉइंट'. तिथे माझं एकही वाक्य शून्य नाही, दोनदा मोजलं.

सेवानिवृत्त_मास्तर
टिक आहेत, मार्क बरे आहेत आणि रिमार्क उलटा. प्रश्नात 'उदाहरण देऊन' होतं का? उदाहरण सामान्य दिलं असेल, तुमच्या मुद्द्याला बांधलेलं नसेल, तर काही जण असं लिहितात. खात्रीने नाही सांगत.

राजेंद्रनगरची_मुक्ता
उदाहरण होतं. गांधीजींचं. थांबा, प्रश्न तर 'प्रशासनातल्या' उदाहरणाचा होता.

भंवरकुआं_सात_वर्षं
हे मात्र मलाही दरवर्षी व्हायचं.