मदत हवी आहे : उत्पन्नाच्या सारांशासाठी मध्यक की सरासरी?

संख्याशास्त्राच्या एका स्वाध्यायात नऊ कुटुंबांचे मासिक उत्पन्न हजार रुपयांत असे दिले आहे : 12, 12, 14, 15, 18, 20, 22, 25, 150. सरासरी 32 येते, मध्यक 18 आणि बहुलक 12. नऊपैकी आठ कुटुंबांचे उत्पन्न सरासरीहून कमी असल्याने, आणि शेवटचे 150 बदलून 300 केले तरी मध्यक 18 च राहत असल्याने, ‘सर्वसाधारण कुटुंबा’साठी मला मध्यकच योग्य वाटतो. बहुलक तर केवळ दोन आकडे योगायोगाने जुळल्यामुळे मिळाला आहे. मात्र पुढच्या उपप्रश्नात याच नमुन्यावरून 450 कुटुंबांच्या एकूण उत्पन्नाचा अंदाज विचारला आहे, आणि तिथे मध्यकाने गुणल्यास ते 150 हिशेबातून निसटते. मग एकाच उत्तरात दोन ठिकाणी दोन वेगळी मापे वापरणे ग्राह्य आहे का? कृपया जाणकारांनी कारणासह सांगावे.