मदत हवी आहे: वाडीच्या गोदामातल्या मोजणीत फरक आला, चौकशीचा मेल कसा लिहू?

डिस्पॅच_नागपूर: आमचं केसतेल वाडीतल्या एका थर्ड पार्टी गोदामात ठेवलेलं असतं. काल सायकल काउंट झाला. 100 मिलीच्या पेट्या सिस्टीममध्ये 480, रॅकवर 452. 200 मिलीच्या सिस्टीममध्ये 310, रॅकवर 334. गोदामाचे मॅनेजर म्हणतात, 28 कमी, 24 जास्त, म्हणजे फरक 4 पेट्यांचाच. अ‍ॅडजस्टमेंट टाकून मोकळे होऊ. मला पटत नाही. संबंध न बिघडवता चौकशी कशी मागू?

वऱ्हाडी_माणूस: भाऊ, करारात किती टक्के तूट चालते ते आधी बघा. 4 पेट्या त्यात बसत असतील तर काऊन वाद घालता?

कळमना_ट्रेडर: आमच्या गुळाचंही असंच होतं, उन्हाळ्यात वजन घटतंच.

डिस्पॅच_नागपूर: दादा, आम्ही वजन नाही, पेट्या मोजल्या.

स्टॉकवाली_ताई: तुटीची टक्केवारी बघायलाच हवी, पण दोन वेगळ्या मालांची वजाबाकी करून नाही. दोन्हींची किंमत वेगळी. शिवाय एकात 24 जास्त आणि दुसऱ्यात जवळपास तेवढेच कमी, म्हणजे माल हरवण्यापेक्षा अदलाबदलीचा संशय जास्त. 200 च्या ऑर्डरवर 100 च्या पेट्या गेल्या असतील, तर 200 चा साठा कागदावर घटतो आणि रॅकवर तसाच राहतो. किंवा माल उतरवतानाच नोंद उलटी झाली असेल. ते कारखान्याच्या चलनाशी इनवर्ड नोंद ताडली की कळतं. मोजताना लोडिंग चालू होतं का?

डिस्पॅच_नागपूर: हो, एक गाडी भरत होती.

स्टॉकवाली_ताई: मग आधी ती गाडी तपासा. पेट्या रॅकवरून निघाल्या आणि बिल नंतर झालं, तर तेवढी तूट खोटी. मेलमध्ये चोरी, हलगर्जी हे शब्द नकोत. असं लिहा:

"कालच्या मोजणीत 100 मिलीत 28 पेट्या कमी आणि 200 मिलीत 24 जास्त आढळल्या. बॅच व रॅकनिहाय तक्ता जोडला आहे. दोन्ही फरक वेगवेगळे धरावेत. चौकशी होईपर्यंत अ‍ॅडजस्टमेंट टाकू नये. मागच्या मोजणीपासूनची आवक-जावक आणि पिकिंगच्या चिठ्ठ्या पाठवाव्यात, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग जपून ठेवावं. सोमवारी लोडिंग थांबवून एकत्र फेरमोजणी करू. लेखी कारण बुधवारपर्यंत कळवावं."

रेकॉर्डिंगचं विसरू नका, जुनं आपोआप पुसलं जातं.

वऱ्हाडी_माणूस: ताई, हे बरोबर. पण करारात तक्रारीची मुदत असते, तीही बघा म्हणावं.

डिस्पॅच_नागपूर: मेल गेला, फेरमोजणीही झाली, आकडे तेच. चिठ्ठ्यांत अमरावतीच्या डीलरची 200 मिलीच्या 24 पेट्यांची एक ऑर्डर सापडली. त्यांना फोन केला, पेट्या 100 च्याच निघाल्या, अजून न उघडलेल्या. मोजताना भरत होती त्या गाडीत मात्र 100 मिली नव्हतंच, त्यामुळे उरलेल्या 4 चा पत्ता नाही. गोदामवाले म्हणतात, फुटलेल्या मालात गेल्या असतील, पण डॅमेज रजिस्टरमध्ये नोंद नाही.

स्टॉकवाली_ताई: नोंद नाही, तर फुटलेल्या बाटल्या किंवा पेट्या दाखवायला सांगा. त्याही नसतील तर 4 ची डेबिट नोट काढता येते का, ते करारात बघून इथे लिहा.