‘कोरी’, ‘रिकामी’ की ‘निरंक’? सहकाऱ्याकडून आलेल्या फाइलबद्दल कसे लिहावे

रुजुवात

मी एका सहकारी पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात वसुलीचे काम पाहते. दर महिन्याला शाखांकडून थकबाकीचा तक्ता ईमेलला अटॅचमेंट म्हणून पीडीएफ स्वरूपात येतो. या वेळी एका शाखेतून आलेल्या तक्त्यात काहीच नाही. पाठवणारे सहकारी माझ्यापेक्षा वयाने आणि नोकरीने बरेच मोठे आहेत, त्यामुळे चूक दाखवल्यासारखे होऊ नये असे वाटते. मी लिहिलेला मसुदा असा आहे : ‘आपण पाठवलेली फाइल ब्लँक आहे. कृपया करेक्ट करून परत पाठवावी.’ यातील ‘ब्लँक’ आणि ‘करेक्ट’ काढून मराठी शब्द घालायचे आहेत. ‘कोरी’ लिहावे की ‘रिकामी’? आणि ‘करेक्टेड व्हर्जन’ला ‘सुधारित प्रत’ म्हटलेले चालेल का?

हजेरीबुक

शासकीय कार्यालयात यासाठी एक नेमका शब्द रूढ आहे, तो म्हणजे ‘निरंक’. ज्यात काही नाही ते निरंक. ‘आपले सहपत्र निरंक प्राप्त झाले आहे’ असे लिहावे. भाषा औपचारिक राहते आणि समोरच्याला दोष दिल्यासारखेही होत नाही. ‘सुधारित प्रत’ अगदी योग्य आहे, आमच्याकडे रोज वापरतात.

जुनी दौत

‘निरंक’ रूढ आहे हे खरे, पण तो येथे वापरल्यास घोटाळा होईल. ‘निरंक’ म्हणजे माहिती नसणे नव्हे, तर ‘सांगण्यासारखे काही नाही’ हीच माहिती असणे. एखाद्या कार्यालयाकडे प्रलंबित प्रकरणांची यादी मागवली आणि तेथे एकही प्रकरण प्रलंबित नसेल, तर ते ‘माहिती निरंक’ असे कळवते, आणि ते रीतसर उत्तर मानले जाते. थकबाकीच्या तक्त्याला ‘निरंक’ म्हटले, तर वाचणारा असे समजेल की त्या शाखेत एकही थकबाकीदार उरलेला नाही. ती तर अभिनंदनाची बाब होईल, पुन्हा तक्ता कशाला मागायचा?

‘कोरी’ आणि ‘रिकामी’ यांबद्दल सांगण्यापूर्वी एक विचारतो. फाइल उघडल्यावर नेमके काय दिसते? पूर्ण पांढरी पाने, की तक्ता दिसतो आणि आकडे दिसत नाहीत?

कलम-१०१

शब्दांच्या आधी कायदा पाहावा, असे मला वाटते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधील कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळाल्यानंतर कलम १५६ प्रमाणे पुढील कारवाई होते, आणि त्यातील अटॅचमेंटचा आदेश कोरा असेल तर तो मुळात आदेशच ठरत नाही. मालमत्तेचे वर्णन, चतुःसीमा, रक्कम हे सारे त्यात भरलेलेच असले पाहिजे. सहकाऱ्याला नम्र ईमेल लिहून भागणार नाही, तो आदेश नव्याने काढावा लागेल. माझ्याकडे मागे असेच एक प्रकरण आले होते, त्यात गट क्रमांकाची जागा मोकळी राहिली आणि कर्जदाराच्या वकिलाने तेवढ्यावरून सहा महिने काढले.

रुजुवात

साहेब, कदाचित मीच नीट लिहिले नसेल. येथे जप्तीचा काही संबंध नाही. मी ईमेलला जोडलेल्या फाइलबद्दल विचारते आहे.

जुनी दौत यांच्या प्रश्नाचे उत्तर : पाने तीन आहेत. संस्थेचे नाव, शाखेचे नाव आणि ‘सभासद क्रमांक’, ‘मुद्दल’, ‘व्याज’, ‘शेवटच्या भरण्याची तारीख’ हे मथळे व्यवस्थित छापलेले दिसतात. मथळ्यांखालच्या चौकटी मात्र रिकाम्या आहेत. हा नमुना आम्हीच शाखांना देतो, त्या चौकटींमध्ये टंकलेखन करून फाइल जतन करायची आणि आम्हाला पाठवायची, अशी पद्धत आहे. मी फाइल ईमेलमध्येच उघडली होती, नंतर मोबाइलवरही पाहिली.

कलम-१०१

क्षमा असावी. आमच्या क्षेत्रात अटॅचमेंट म्हणजे जप्तीच, आणि ‘थकबाकी’ हा शब्द वाचल्यावर माझे मन दुसरीकडे गेले नाही. तरी यावरून एवढे दिसते की वसुली विभागाच्या पत्रात ‘अटॅचमेंट’ हा शब्द टाळलेला बरा.

जुनी दौत

आता शब्द ठरवता येईल. कागद कोरा असतो, तेव्हा त्यावर अजून काहीच उमटलेले नसते. कोरी वही, कोरे कापड, कोरा धनादेश, या सगळ्यांत ‘अजून हात लागलेला नाही’ हा अर्थ आहे. आणि छापील नमुन्याला ‘कोरा’ म्हटले की त्याचा एकच अर्थ होतो : न भरलेला. शाळेच्या कार्यालयातून आपण प्रवेशाचा कोरा अर्ज आणतो, त्यावर शाळेचे नाव आणि सगळे मथळे छापलेले असतातच. म्हणून ‘आपण कोरा तक्ता पाठवला’ या वाक्याचा सरळ अर्थ ‘आपण तक्ता न भरताच पाठवून दिला’ असा होतो. तुम्हाला जे टाळायचे आहे, नेमके तेच त्यातून ऐकू जाईल.

‘रिकामा’ या शब्दात भांडे, पिशवी, जागा यांत काही असायला हवे होते आणि ते आत्ता नाही, एवढेच येते. ते कोणी भरले नाही, काढून घेतले की वाटेत सांडले, याबद्दल तो शब्द काही बोलत नाही. तुमच्या बाबतीत ‘रकाने रिकामे’ हेच योग्य आहे, पूर्ण फाइलला कोणतेच विशेषण लावू नये. त्यातही ‘रिकामे आहेत’ असे न लिहिता ‘रिकामे दिसत आहेत’ असे लिहावे. हे केवळ सौजन्यापोटी सांगत नाही. भरता येण्याजोग्या पीडीएफमध्ये टंकलेला मजकूर कागदाच्या चित्रापासून वेगळा साठवलेला असतो, आणि ईमेलमधल्या झटपट दर्शनात किंवा काही मोबाइलवर मथळे दिसतात, पण भरलेला मजकूर दिसत नाही. त्यांच्या संगणकावर सर्व आकडे जागच्या जागी असण्याची बरीच शक्यता आहे. फाइल संगणकावर उतरवून घेऊन पीडीएफसाठीच्या स्वतंत्र प्रणालीत एकदा उघडून पाहावी, आणि मगच ईमेल लिहावा.

मांडवीकाठ

आमच्या शाळेत, पणजीला, असेच झाले होते. गुणपत्रकाच्या नमुन्यात मी सगळे गुण भरले होते, आणि मुख्याध्यापकांचा निरोप आला, ‘बाई, कोरेच धाडले?’ मी दोन तास बसून भरलेले होते, त्यामुळे तो ‘कोरेच’ मला फार लागला. ‘च’ नसता तर कदाचित एवढा लागला नसता.

मला मूळ मसुद्यातले ‘परत’ मात्र खटकते. ‘परत पाठवावी’ म्हणजे पुन्हा एकदा पाठवावी की मला माघारी पाठवावी? आम्ही लहानपणापासून दोन्ही अर्थांनी वापरतो आणि बोलताना अडत नाही, पण लिहिताना ‘पुन्हा’ बरे.

हजेरीबुक

‘निरंक’बद्दलचे म्हणणे मान्य आहे. माझ्या डोळ्यांसमोर ‘काही नाही’ एवढाच अर्थ होता, आणि आम्ही तो शब्द उत्तर देताना वापरतो, मागणी करताना नाही, हे आता लक्षात येते. परंतु ‘सुधारित’वर मी ठाम आहे. सुधारित अंदाज, सुधारित वेळापत्रक, सुधारित आदेश, सर्वत्र तोच शब्द आहे. ‘दुरुस्त प्रत’ म्हटले तर सायकल दुरुस्त केल्यासारखे वाटते.

जुनी दौत

तुम्ही दिलेली तिन्ही उदाहरणे बरोबर आहेत, आणि त्यांच्यामुळेच तो शब्द येथे नको. सुधारित अंदाजात आकडे बदललेले असतात, सुधारित वेळापत्रकात वेळा बदललेल्या असतात. पहिले होते, ते मागे पडले आणि त्याच्या जागी दुसरे आले, असा त्याचा अर्थ आहे. रुजुवात यांना आकडे बदलून नको आहेत, तेच आकडे दिसायला हवे आहेत. उद्या लेखापरीक्षकाने ईमेलची नोंद पाहिली आणि ‘सुधारित तक्ता मागवला’ असे वाचले, तर तो विचारणारच की आधीच्या तक्त्यात काय होते आणि ते का बदलले. चुकीची रक्कम दुरुस्त करून मागायची असती, तर ‘सुधारित’ शोभला असता. येथे ‘तोच तक्ता पुन्हा पाठवावा’ एवढे पुरेसे आहे.

हजेरीबुक

लेखापरीक्षकाचा मुद्दा आला म्हणजे वाद संपला. तरी ज्याला मूळ प्रत सदोष आहे एवढेच म्हणायचे आहे, त्याने काय लिहावे, हा प्रश्न उरतोच.

रुजुवात

आपल्या सूचनेप्रमाणे फाइल उतरवून घेऊन पाहिली. पहिल्या पानावरील आकडे दिसले, दुसऱ्या आणि तिसऱ्या पानावरील चौकटी मात्र तशाच रिकाम्या राहिल्या. त्यामुळे ईमेल पाठवावा लागणारच आहे. नवा मसुदा खाली देत आहे.

> विषय : जूनअखेरच्या थकबाकी तक्त्यातील पान २ व ३ वरील रकाने
>
> सप्रेम नमस्कार.
>
> आपण ४ जुलै रोजी पाठवलेला तक्ता मिळाला. पहिल्या पानावरील सर्व आकडे माझ्याकडे दिसतात, परंतु पान २ व ३ वर केवळ मथळे दिसत असून त्यांखालचे रकाने रिकामे दिसत आहेत. मी फाइल संगणकावर आणि मोबाइलवर अशी दोन्हीकडे उघडून पाहिली.
>
> आपल्याकडील प्रतीत हे आकडे दिसत असल्यास, प्रिंटच्या पर्यायातून ‘Microsoft Print to PDF’ निवडून तोच तक्ता पुन्हा पाठवावा, ही विनंती. एकत्रित अहवाल ७ जुलैला द्यायचा असल्याने तक्ता ६ जुलैच्या दुपारपर्यंत मिळाल्यास सोयीचे होईल.
>
> तसदीबद्दल क्षमस्व.

मांडवीकाठ

‘माझ्याकडे दिसतात’ हे फार चांगले झाले, माझ्या मुख्याध्यापकांनी असे लिहिले असते तर मी चहा पिऊन शांतपणे पाठवले असते. फक्त शेवटची ओळ काढावी का? तसदी आपण देत नाही आहोत, फाइल देते आहे.

जुनी दौत

मी ती ठेवीन. मोठ्या माणसाला दुसऱ्यांदा तेच काम सांगताना ती ओळ कोणाला जड होत नाही. ‘दिसत’ मात्र दुसऱ्या वाक्यात तीनदा आला आहे. ‘केवळ मथळे असून त्यांखालचे रकाने रिकामे दिसत आहेत’ असे केल्यास एक कमी होईल. विषयाच्या ओळीत पानांचे क्रमांक दिले, ते मला सर्वांत आवडले, कारण त्यांना ईमेल उघडण्यापूर्वीच कुठे पाहायचे ते कळेल.

हजेरीबुक

‘फाइल’ऐवजी ‘जोडपत्र’ किंवा ‘सहपत्र’ का नाही? कार्यालयीन पत्राखाली आपण ‘सहपत्र : वरीलप्रमाणे’ असे लिहितोच.

रुजुवात

लिहून पाहिले होते. आमच्याकडे ‘जोडपत्र’ म्हटले की कर्जप्रकरणाला टाचलेली सातबारा आणि जामीनदाराची कागदपत्रे डोळ्यांसमोर येतात, म्हणून ‘फाइल’ आणि ‘तक्ता’ हेच ठेवले. ईमेल दुपारी पाठवला. तासाभरात त्यांचे उत्तर आले : ‘माझ्याकडे सर्व दिसत होते. छापील करून पुन्हा जोडले आहे, पाहावे.’ या वेळी तिन्ही पानांवर आकडे आहेत, पण पान ३ वरील व्याजाची बेरीज ४० रुपयांनी जुळत नाही. आता मात्र ‘सुधारित’ मागावे लागेल, असे दिसते.

हजेरीबुक

मागावे. शब्द मी आधीच दिलेला आहे.