शिल्ड एका टोकाला की दोन्ही? ड्राइव्हला रन दिला की रीडिंग नाचतं

पॅनेल_नवखा
बूस्टर पंपाचं पॅनेल आहे, आत 15 किलोवॅटचा ड्राइव्ह. प्रेशर ट्रान्समीटर 0 ते 10 बार, 4-20 मिलिअँप. केबल 30 मीटर, शिल्डवाली, आत पिळाची जोडी. ड्राइव्ह बंद असताना रीडिंग दगडासारखं. रन दिला की 0.3 बार वर-खाली, आणि त्याच्यामागे पीआयडी धावतो. शिल्ड फक्त पॅनेलच्या टोकाला अर्थ केलंय. आमच्याकडे दोन तट पडलेत: एक म्हणतो दुसरं टोकही जोड, दुसरा म्हणतो हात लावू नकोस. कुणाचं ऐकू?

जुनी_तार
हात लावू नका. दोन्ही टोकं जोडली की दोन अर्थमधल्या फरकाचा करंट शिल्डमधून वाहायला लागतो. एका जागी क्लॅम्प मीटर लावला तर शिल्डमध्ये चक्क दीड अँपियर सापडला होता, ट्रान्समीटरकडचं टोक कापलं आणि रीडिंग गप्प बसलं. एकच टोक, पॅनेलचं. हे आम्ही हात पोळून शिकलोय.

खड्डा_आणि_मीठ
आधी अर्थ पिट मोजा. 1 ओहमच्या वर असेल तर नॉइज जाणार कुठे? पाणी घाला, नाहीतर नवीन पिट मारा. शिल्डचं नंतर बघू.

लॅडर_लिहिणारा
मला वेगळीच शंका. पंप चालला की पाइपातला दाब खरंच हलतो. तुम्ही ज्याला नॉइज म्हणताय ते खरं रीडिंग नसेल कशावरून? ट्रान्समीटरखालचा कॉक बंद करा, दाब आत कोंडा आणि मग रन देऊन बघा.

पॅनेल_नवखा
कॉक बंद करून पाहिला. दाब कोंडलेला, तरी नाच तसाच. मग वेग शून्यावर ठेवून रन दिला, मोटर जागची हलली नाही, पण रीडिंग हललं! कॅरिअर 4 वरून 8 किलोहर्ट्झ केली तर नाचायची तऱ्हाही बदलली. म्हणजे पाण्याचा दोष नाही.
एक सांगायचं राहिलं. शिल्ड टर्मिनलपाशी पिळून हिरव्या वायरला जोडलंय. ती वायर डक्टमधून खालच्या अर्थ बसबारपर्यंत जाते, 1.2 मीटर असेल. त्याच डक्टमध्ये ड्राइव्हच्या आउटपुटच्या वायरीही आहेत.

उघडी_प्लेट
तुमचं उत्तर त्या शेवटच्या दोन ओळींत आहे. टोक एक की दोन हा वाद त्यानंतरचा.

ती हिरवी वायर मल्टिमीटरने मोजा, जवळजवळ शून्य दाखवेल. 50 हर्ट्झला ती खरंच शून्यासारखीच आहे. पण ड्राइव्हचा आउटपुट मायक्रोसेकंदाच्या काही दशांशात शून्यावरून पाचशेच्या वर व्होल्टला उडी मारतो, आणि त्या उडीत मेगाहर्ट्झमधलं बरंच काही असतं. सरळ वायरचा इंडक्टन्स ढोबळमानाने मीटरला 1 मायक्रोहेन्री धरा. 10 मेगाहर्ट्झला 1.2 मीटरचे होतात 75 ओहम. तुम्ही शिल्ड अर्थ केलंय असं तुम्हाला वाटतं, नॉइजला तसं वाटत नाही. वर ती वायर ड्राइव्हच्या आउटपुटला खेटून जाते, म्हणजे तिकडची घाण उचलून शिल्डवर आणून ओतते.

काय करायचं: केबल पॅनेलमध्ये शिरते तिथेच बाहेरचं आवरण दोन सेंटिमीटर सोला, शिल्ड कापू नका, पिळू नका. धातूचा क्लॅम्प शिल्डला सगळ्या बाजूंनी कवळेल असा माउंटिंग प्लेटवर आवळा. प्लेट जस्त चढवलेली असेल तर उत्तम, रंगवलेली असेल तर क्लॅम्पखालचा रंग खरवडा. हे बरेच जण विसरतात आणि रंगावर क्लॅम्प लावून मोकळे होतात. क्लॅम्पपासून पुढे शिल्ड जितकं टर्मिनलजवळ नेता येईल तितकं न्या. हिरवी शेपटी काढून टाका.

आणि मोटर केबल? तिला शिल्ड आहे का, आणि ते कुठे जोडलंय?

खड्डा_आणि_मीठ
पिट नको म्हणताय म्हणजे अर्थिंगच नको का?

उघडी_प्लेट
भाऊ, पिट हवाच, माणसाच्या जिवासाठी. पण हा नॉइज मातीत मुरायला निघालेला नसतो. ड्राइव्हमधून निघतो, मोटर केबलच्या कपॅसिटन्समधून अर्थवर उतरतो आणि ड्राइव्हकडेच परत जायची वाट शोधतो. जवळची धातूची वाट दिली तर त्या वाटेने जातो, नाहीतर तुमच्या सिग्नलच्या शिल्डवरून. पिट 1 ओहमचा असो नाहीतर 5 चा, त्याला घेणं नाही.

जुनी_तार
क्लॅम्पचं पटलं. पण म्हणजे एकच टोक, हे माझं म्हणणं खरं ठरलं ना?

उघडी_प्लेट
अर्धं. तुमचा दीड अँपियर 50 हर्ट्झचा होता आणि तिथे तुमचा उपाय बरोबरच होता. इथे 30 मीटर केबलचं दुसरं टोक मोकळं आहे. 10 मेगाहर्ट्झची लाट केबलमध्ये साधारण 20 मीटरची होते, त्यामुळे मोकळं टोक अँटेनासारखं वागतं. माझा कल दोन्ही टोकांकडे, पण दोन्ही जागांचे अर्थ जाड कंडक्टरने एकमेकांना जोडलेले असतील तरच. नसतील तर दुसऱ्या टोकाला 10 नॅनोफॅरडचा कपॅसिटर मधे घाला: 50 हर्ट्झला तो जवळजवळ बंद दार, मेगाहर्ट्झला उघडं.

जुनी_तार
कपॅसिटर ट्रान्समीटरच्या डबीत घालणार, आणि दोन वर्षांनी दुसराच माणूस तो कापून टाकणार. असले उपाय कागदावर शोभतात.

तिसरी_पाळी
आमच्या लोड सेलचं वजन ड्राइव्ह चालला की 4 किलोने उडायचं. सगळी शिल्ड बदलली, उपयोग नाही. शेवटी सापडलं की मोटर केबलचं शिल्ड मोटरच्या टोकाला जोडलंच नव्हतं, ग्लँडच्या आत कापून टेप मारलेली. ते दोन्हीकडे जोडलं आणि वजन बसलं. तुम्ही सिग्नलच्या केबलवरच का अडकलाय?

उघडी_प्लेट
मोटर केबलबाबत वाद नाही, तिचं शिल्ड दोन्ही टोकांना, पूर्ण कवळून. मूळ तिथेच आहे. सिग्नलचा वाद वेगळा.

पॅनेल_नवखा
रविवारी बंद मिळाला. सिग्नल केबल वेगळ्या डक्टमधून काढली, आउटपुटच्या वायरींपासून साधारण 20 सेंटिमीटर लांब, एका ठिकाणी ओलांडावं लागलं तिथे काटकोनात. रंग खरवडून क्लॅम्प लावला, शेपटी कापली. 0.3 वरून 0.05 बार. ट्रान्समीटरकडे अजून काही केलेलं नाही. मोटर केबल उघडली, ती साधी चार कोअरची निघाली, शिल्डच नाही.

लॅडर_लिहिणारा
0.05 म्हणजे 0.08 मिलिअँप. कार्डात फिल्टर लावा आणि जेवायला जा. पंपाच्या दाबाला अर्ध्या सेकंदाचा उशीर चालतो.

तिसरी_पाळी
फिल्टर नको. केबल बदला, नाहीतर हाच नॉइज उद्या कम्युनिकेशनमध्ये दिसेल.

जुनी_तार
चालू पंपाची केबल बदलायला परवानगी मिळवून दाखवा आधी.

पॅनेल_नवखा
सध्या फिल्टर लावलाय. पुढच्या बंदला शिल्डवाली मोटर केबल मागतोय. दुसऱ्या टोकाचा कपॅसिटरही आणून ठेवलाय. आधी केबल, मग कपॅसिटर, एका वेळी एकच बदल करून आकडे टाकतो.