कटिंग थांबलं, तरी खाली माणूस हवाच

> "कटिंग साडेपाचला संपलं, परमिट बंद केलं. मग फायर वॉचवाल्याला तासभर कशाला बसवायचं?"

कारण कटिंगच्या ठिणगीने लगेच जाळ होत नाही, आणि फायर वॉचवाला कुठे आग धरते का यावर नजर ठेवायलाच असतो. गोणपाट, लाकडाचा भुसा, कापसाच्या चिंध्या आधी आतल्या आत धुमसतात.

पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या साइटवर चौथ्या मजल्यावर, डक्टच्या कडेला गॅस कटरने अँगल कापत होतो. भोवतालचा ११ मीटरचा परिसर मोकळा केला होता, आग विझवायचे सिलिंडर आणि वाळूच्या बादल्या जागेवर होत्या. पण परमिटवर फक्त 'चौथा मजला' लिहिलं होतं. तापलेला लोखंडाचा कण डक्टमधून थेट दुसऱ्या मजल्यावर, क्युरिंगच्या वाळलेल्या गोणपाटांवर पडला. काम ५.१० ला संपलं. ५.५० ला खाली जळका वास आला. धूर जवळपास नव्हताच. ढीग उसकटला तेव्हा आत लाल निखारा दिसला. नुसतं वरून पाणी मारून भागलं नसतं. एकेक गोण वेगळी करून भिजवावी लागली.

अर्ध्या तासाचा वॉच ५.४० लाच उठला असता. एनएफपीए ५१बी या अमेरिकी मानकानेही २०१९ च्या आवृत्तीत किमान वेळ अर्ध्या तासावरून एक तास केली.

म्हणून परमिट काम संपल्यावर बंद करू नका, वॉच संपल्यावर करा. डक्ट किंवा स्लॅबचं भोक असेल तर ते फायर ब्लँकेटने झाका आणि खालच्या मजल्यावर दुसरा माणूस ठेवा. वरच्याला खालचं दिसत नाही, आणि आमची चूक नेमकी तिथेच झाली.